झाकण हललं की लॅपटॉप सुरू का होतो?

झाकण हलताच लॅपटॉप सुरू झाला, तर आधी पाहा: तो झोपेतून जागा झाला, की पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला? उघड्या फायली जशाच्या तशा असतील तर तो जागा झालाय. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर हे टाइप केलं की त्याला कशानं उठवलं ते बहुधा दिसतं:

```
powercfg /lastwake
```

त्यात झाकणाचा उल्लेख असेल, तर संशय सेन्सरवर. झाकणाच्या कडेत छोटं चुंबक असतं आणि ते ओळखणारा सेन्सर बहुधा कीबोर्डच्या भागात. बिजागरी सैल होऊन झाकण जरा वर आलं, तरी सेन्सरला ते उघडल्यासारखं वाटतं. पूर्ण बंद केलेला लॅपटॉपही उघडताच सुरू होत असेल, तर तो बिघाड नसावा. काही कंपन्या बायोसमध्ये `Power On Lid Open` सारखी सोय देतात, ती बंद करता येते.

झाकण ठरावीक कोनात येताच लॅपटॉप रीस्टार्ट होणं मात्र गंभीर. बिजागरीतून जाणारी स्क्रीनची केबल घासून तिची तार धातूला टेकत असू शकते. कारागिराला बॅटरी सोडवून ती केबल मदरबोर्डवरून काढायला सांगा, मग बाहेरचा मॉनिटर जोडून झाकण हलवून पाहा. रीस्टार्ट थांबला, तर केबल बदलावी. नाही थांबला, तर बिजागरीजवळचे तुटलेले स्क्रू-खांब आणि चार्जिंगचा जॅक तपासावा.