नोकरी सोडताना ईसॉपचं काय होतं?

स्टार्टअपमध्ये रुजू होताना मिळालेल्या पत्रात पगाराच्या आकड्याखाली ईसॉपचा आकडा असतो. तो पाहून अनेकांना वाटतं, एवढे शेअर आपले झाले. प्रत्यक्षात हातात आलेला असतो तो ठरलेल्या भावाने पुढे शेअर विकत घेण्याचा हक्क, आणि तोही थोडाथोडा पक्का होत जाणारा. या पक्कं होण्यालाच व्हेस्टिंग म्हणतात.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एका बिगरसूचीबद्ध कंपनीने 1 एप्रिल 2022 रोजी एका अभियंत्याला 4,800 ऑप्शन दिले. मुदत चार वर्षांची, खरेदीचा भाव प्रत्येकी 50 रुपये. पहिलं वर्ष पुरं होईपर्यंत काहीच पक्कं होत नाही, कारण ऑप्शन देणं आणि पक्के होणं यांत किमान एक वर्षाचं अंतर हवं, असं आपल्या कंपनी कायद्याच्या नियमांतच आहे. वर्ष भरताच 1,200 पक्के झाले आणि त्यानंतर दर महिन्याच्या 1 तारखेला 100.

त्याने 10 जानेवारी 2025 ला राजीनामा दिला. साठ दिवसांची नोटीस भरून 11 मार्चला तो बाहेर पडला. आता मोजणी कुठल्या तारखेला थांबवायची? राजीनाम्याच्या दिवशी थांबवली तर 3,300 पक्के, शेवटच्या दिवशी थांबवली तर 3,500. कायदा एवढंच सांगतो, की नोकरी सुटली त्या दिवशी पक्के न झालेले ऑप्शन रद्द होतात. तो दिवस कोणता धरायचा, हे कंपनीची योजना ठरवते. बहुतेक योजना कामाचा शेवटचा दिवस धरतात, पण काही योजनांत नोटीस सुरू होताच व्हेस्टिंग थांबतं.

समजा 3,500 धरले. उरलेले 1,300 गेले, त्याला इलाज नाही. खरी अडचण पक्क्या झालेल्यांची असते. ते विकत घ्यायला बऱ्याच योजना 90 दिवस देतात. ही मुदत अमेरिकेतून आली. तिथे ठरावीक प्रकारच्या ऑप्शनवरची करसवलत नोकरी सुटल्यानंतर तीन महिनेच टिकते. भारतात अशी सक्ती नाही. त्यामुळे काही कंपन्या काही वर्षांची मुभा देतात, पण पुष्कळांनी ते 90 दिवस जसेच्या तसे उचलले आहेत.

आपल्या अभियंत्याची मुदत 9 जूनला संपते. शेअरचं मूल्यांकन 450 रुपये आहे. 3,500 शेअर घ्यायला त्याला 1,75,000 रुपये लागतील. शिवाय भावातला 400 रुपयांचा फरक पगाराचं उत्पन्न धरला जातो, म्हणजे 14 लाख. तो 30 टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर उपकरासह कर होतो 4,36,800 रुपये. एकूण सहा लाखांहून जास्त रोख, आणि मिळणारे शेअर बाजारात विकता येत नाहीत. पगार थांबलेला असल्याने कराची रक्कम कंपनी आधीच भरून मागते. म्हणूनच कमावलेला हक्क सोडून देणारे अनेक निघतात.

नोकरीत असतानाच शेअर घेऊन ठेवले, तरी काही जणांची सुटका होत नाही. सवलतीस पात्र ठरलेल्या स्टार्टअपमध्ये हा कर पुढे ढकलण्याची सोय 2020 मध्ये आली, पण नोकरी सुटली की ती संपते आणि थांबलेला कर लगेच देय होतो.

बडतर्फीत मात्र हिशेबच बदलतो. कर्मचारी कपातीत नोकरी गेली, तर साधारण राजीनाम्यासारखेच नियम लागतात. एखादी कंपनी मुदत वाढवूनही देते. पण अफरातफर, गोपनीय माहिती फोडणं किंवा गंभीर गैरवर्तन या कारणांनी काढलं, तर बहुतेक योजनांत पक्के झालेले ऑप्शनही त्याच दिवशी रद्द होतात. काही योजना आधी घेतलेले शेअर कमी भावात परत घेण्याचा हक्कही राखून ठेवतात. गैरवर्तनाची व्याख्या अनेकदा सैल असते, आणि ते झालं की नाही हे संचालक मंडळ ठरवतं. त्यामुळे ‘राजीनामा द्या, नाहीतर काढावं लागेल’ असं सांगितलं जातं, तेव्हा त्या दोन पर्यायांमध्ये लाखोंचं अंतर असू शकतं.

अशा वेळी ऑप्शनच्या पत्रावर विसंबून चालत नाही, कारण त्यात फक्त आकडे असतात. या अटी मूळ योजनेच्या मसुद्यात असतात, तो मागून घ्यावा. नोकरी संपल्याच्या पत्रात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: सुटण्याचं कारण, पक्क्या ऑप्शनची संख्या आणि खरेदीची अंतिम तारीख. व्यवस्थापकाने तोंडी दिलेली मुदतवाढ योजनेतल्या तारखेपुढे टिकत नाही.