पूर ओसरल्यावरची यादी

ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुरात पुणे-बेंगळुरू महामार्ग काही दिवस बंद होता. तो खुला झाल्यावर सांगली-कोल्हापूरकडे मदतीची रीघ लागली आणि तिच्यात जुन्या कपड्यांची गाठोडीही भरपूर होती. शिरोळ तालुक्यातल्या एखाद्या तरुण मंडळानं आज मदतीचं आवाहन काढायचं ठरवलं, तर ‘जुने कपडे नकोत’ हे त्यांनी ठळक लिहावं. ते निवडायलाच माणसं अडकतात.

यादी पाण्याबरोबर बदलते. घरात पाणी असताना कोरडं खाणं, पिण्याचं पाणी, मेणबत्त्या आणि बाळाचं दूध लागतं. पाणी उतरलं की घरात गाळ उरतो, मग फावडी, घमेली, खराटे, ब्लीचिंग पावडर, गमबूट हवेत. चटया, चादरी, सॅनिटरी पॅड आणि नवी अंतर्वस्त्रं मात्र दोन्ही वेळा लागतात, आणि लाजेपोटी ती कुणी मागत नाही. म्हणून आवाहनावर तारीख घालावी आणि वस्तू पुरेशी जमली की तिच्यापुढे ‘पुरे’ लिहावं.

पैशाचं काम जास्त नाजूक. नोंदणी नसलेल्या मंडळानं वर्गणी गोळा करण्याआधी सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी, गणेशोत्सवात घेतात तशीच. पैसे एखाद्या कार्यकर्त्याच्या खासगी खात्यावर घेऊ नयेत, तिथे घरखर्च आणि देणगी यांची सरमिसळ होते. आयकराच्या ८०जी सवलतीचं आश्वासन तर तशी मान्यता असलेल्या संस्थेनंच द्यावं.

समजा, एक लाख रुपये जमले. ७२ हजारांचं साहित्य आणि १४ हजारांचं ट्रकभाडं वजा जाता १४ हजार उरतात. ट्रकभाडं लपवण्याचा मोह होतो, कारण देणाऱ्याला वाटतं, सगळा पैसा पूरग्रस्ताला मिळावा. पण तांदूळ चालत जात नाहीत. भाडं हिशेबात उघड दाखवलेलंच बरं. उरलेल्या रकमेचं काय करणार, हे आवाहनातच सांगावं. वस्तूंची आवक-जावक वही वेगळी ठेवावी. शंभर चादरी आल्या, ९२ वाटल्या, तर आठ गोदामात मोजून दाखवता आल्या पाहिजेत. वाटपाच्या वेळी सही घ्यावी, पण मदत घेणाऱ्याचा फोटो पावती म्हणून काढू नये.

स्वयंसेवकांच्या तासांचीही वही हवी. नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, काम. वीस जण सहा तास राबले की १२० तास होतात. प्रवासाचे तास त्यात धरू नयेत, नाहीतर लांबून आलेला माणूस कागदावर सर्वात कष्टाळू ठरतो. या वहीचा खरा उपयोग दुसऱ्या दिवशी होतो. काल दिवसभर गाळ उपसलेल्याला आज पॅकिंगला बसवायचं, हे तिच्यावरूनच कळतं. पायाला जखम असलेल्यानं गाळात उतरू नये, कारण लेप्टोस्पायरोसिसचे जंतू जखमेतून सहज शिरतात. नंतर ताप आला, तर तो कुठल्या दिवशी कुठे उतरला होता हे डॉक्टरांना वही बघून सांगता येतं.