पत्त्यापासून पानापर्यंत: स्क्रेपिंगचे साधन कसे ठरते

ब्राउझरमध्ये पत्ता टाकून एंटर दाबले की ब्राउझर आधी डीएनएसकडून त्या नावाचा आयपी पत्ता मिळवतो, मग सर्व्हरशी जोडणी करून पान मागतो. उत्तरात एचटीएमएल येते, म्हणजे निव्वळ मजकूर. तो वाचत वाचत ब्राउझर घटकांची एक रचना उभी करतो; तिला डॉम म्हणतात. त्यानंतर जावास्क्रिप्ट या रचनेत भर घालू शकते किंवा सर्व्हरकडून आणखी माहिती मागवू शकते. शेवटी कोणता घटक कुठे बसणार हे ठरते आणि पान पडद्यावर उमटते.

प्रोग्रामच्या मदतीने पानांवरची माहिती गोळा करणे म्हणजे स्क्रेपिंग. हवी ती माहिती वरच्यापैकी कोणत्या टप्प्यावर पानात येते, यावर त्याचे साधन ठरते. सरावासाठीच बनवलेल्या quotes.toscrape.com या संकेतस्थळावर हा फरक स्पष्ट दिसतो. तिथे सुविचारांची तीच पाने वेगवेगळ्या पद्धतींनी तयार होतात.

मुख्य पानावरचे दहाही सुविचार पहिल्याच एचटीएमएलमध्ये असतात. ते पान पायथनच्या रिक्वेस्ट्सने आणून ब्युटिफुल सूपने वाचले, तर पुढील ओळ दहा घटक देते:

```python
soup.select("div.quote")
```

`/js/` या पत्त्यावर मात्र हीच ओळ रिकामी यादी देते. पान नीट आलेले असते, चूकही कुठे दिसत नाही. पण सुविचारांचे घटक जावास्क्रिप्ट बनवते आणि रिक्वेस्ट्स ती चालवत नाही. तरीही इथे ब्राउझर लागत नाही, कारण सगळे सुविचार `<script>` मधील `data` या चलात असतात. तेवढा भाग वेगळा काढून जेसन म्हणून वाचता येतो.

`/scroll` वर पहिल्या एचटीएमएलमध्ये सुविचार नसतातच. जावास्क्रिप्ट ते `/api/quotes?page=1` येथून मागवते आणि पान खाली सरकवले की पुढचा क्रमांक मागते. ही मागणी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधील नेटवर्क विभागात दिसते. तोच पत्ता थेट मागवला की सुटसुटीत जेसन हाती येते.

म्हणून आधी "व्ह्यू सोर्स"मध्ये हवा तो मजकूर शोधावा. तिथे सर्व्हरने पाठवलेले मूळ एचटीएमएल दिसते, तर "इन्स्पेक्ट"मध्ये जावास्क्रिप्टने बदललेला डॉम. मजकूर फक्त इन्स्पेक्टमध्ये सापडला, तर नेटवर्क विभाग तपासावा.

तिथली मागणी थेट करता येत नसेल, उदाहरणार्थ तिला लागणारी किल्ली जावास्क्रिप्टच दर वेळी नव्याने तयार करत असेल, तर प्लेराइट किंवा सेलेनियम वापरावे. ही साधने खराखुरा ब्राउझर चालवतात, म्हणून ती संथ असतात आणि मेमरीही बरीच खातात. शिवाय पान "लोड झाले" म्हणजे माहिती आली असे नसते. त्यामुळे हवा तो घटक डॉममध्ये येईपर्यंत थांबण्याची सूचना प्रोग्राममध्ये द्यावी लागते, नाहीतर इथेही रिकामी यादीच मिळते.