वीज गेली, वीज आली : पंपघरातील पीएलसीविषयीचे काही गैरसमज

साखरखेर्ड्याच्या शिवारात, किंबहुना सबंध वऱ्हाडात, कृषिपंपाच्या पेटीत ‘ऑटो स्विच’ नावाची एक लहानशी सोय पुष्कळ ठिकाणी आढळते. वीज आली की पंप आपोआप चालू करणे एवढेच तिचे काम. आणि रात्रपाळीच्या विजेसाठी अंधारात विहिरीवर जाण्याचा त्रास ज्यांनी काढला आहे, त्यांना तिचे मोल सांगावे लागत नाही. परंतु मोटार उभ्या जागेवरून फिरू लागताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह घेते, आणि एका रोहित्रावरचे सारे पंप एकाच क्षणी उठले म्हणजे तो सगळा भार त्या एका रोहित्रावर एकदम कोसळतो. म्हणून ऑटो स्विच काढून टाका व कॅपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण शेतकऱ्यांना वारंवार करीत आले आहे.

पाणीपुरवठ्याच्या पंपघरांत व जिनिंगच्या कारखान्यांत आता या स्विचच्या जागी पीएलसी, म्हणजे आज्ञावलीवर चालणारा नियंत्रक, बसू लागला आहे, आणि त्याबरोबर असा एक समज रूढ झाला आहे की, हे यंत्र ‘हुशार’ असल्यामुळे वीज जाणे, परत येणे, संवेदक बिघडणे या आपत्ती ते आपले आपण सांभाळून घेते. वस्तुस्थिती अशी की पीएलसी काहीही सांभाळीत नाही. तो बाहेरच्या तारांवरील संकेत वाचतो, लिहून दिलेली आज्ञावली पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकदा चालवतो, निघालेले हुकूम बाहेर पाठवतो, आणि हाच फेरा सेकंदातून कित्येकदा पुन्हा करतो. आज्ञावली लिहिणाऱ्याने ज्या प्रसंगाचा विचार केला नाही, त्या प्रसंगी हा हुशार नियंत्रक ऑटो स्विचपेक्षा तिळभरही शहाणा ठरत नाही.

उदाहरणादाखल एका पंपघराची कल्पना करू. विहिरीवर पंप, टेकाडावर जलकुंभ, जलकुंभात पाण्याची पातळी मोजणारा ० ते ५ मीटर पल्ल्याचा संवेदक, आणि तेथून खाली आलेली तार, जिच्यातून ४ ते २० मिलिअँपिअरचा संकेत येतो. पातळी शून्य असेल तर ४, पाच मीटर असेल तर २०, अडीच मीटर असेल तर १२. पातळी एक मीटरच्या खाली गेली की पंप सुरू करावा व साडेचार मीटरला बंद करावा, एवढी सरळ आज्ञावली कोणीही लिहील. आता उंदराने ती तार कुरतडली असे समजा. प्रवाह शून्य झाला. गणिताने पातळी उणे सव्वा मीटर निघाली. उणे सव्वा ही एकापेक्षा लहान संख्या आहे, तेव्हा पंप सुरू झाला, आणि पातळी पुढे कधीच साडेचारावर ‘पोहोचत’ नसल्यामुळे जलकुंभ ओसंडून वाहू लागला तरी तो चालूच राहिला. यात पीएलसीची काही चूक नाही. शून्य पातळीलाही ४ मिलिअँपिअर देण्याची पद्धत तंत्रज्ञांनी मुद्दाम ठेवली, ती एवढ्याचसाठी की तार तुटली हे पाणी संपल्यापासून वेगळे ओळखू यावे. आणि नामुर या संस्थेच्या प्रचलित शिफारशीप्रमाणे ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर गेलेला संकेत हा मोजमाप न मानता बिघाडाची इत्तला मानावयाचा असतो. ही तुलना आज्ञावलीत आधी लिहिली, आणि ती मर्यादा ओलांडली गेली तर पंप बंद करून भोंगा वाजवण्याची तजवीज केली, तर तार तुटण्याचा प्रश्न तेथेच मिटतो.

पण संवेदक नेहमी मरतोच असे नाही. कधी तो जिवंत राहून खोटे बोलतो, आणि हा प्रकार अधिक घातक आहे. गाळात रुतलेला संवेदक १२ मिलिअँपिअरवर थिजून बसला तर संकेत पूर्णपणे मर्यादेत असतो. येथे संवेदकाचे म्हणणे निसर्गाच्या हिशेबाशी ताडून पाहावे लागते. जलकुंभाचे क्षेत्रफळ २० चौरस मीटर आणि पंपाचा पुरवठा ताशी ३६ घनमीटर असेल, तर गावाच्या झडपा बंद असताना पातळी दर मिनिटास ३ सेंटिमीटर चढली पाहिजे. पंप दहा मिनिटे चालला आणि आकडा मुळीच हलला नाही, तर संवेदक थिजला, पंप पाणी ओढत नाही, किंवा नळ कोठे फुटला, यांपैकी एक निश्चित. कोणते, हे नंतर माणसाने पाहावे. पंपाने मात्र तेव्हाच थांबावे. गावास पाणी सोडलेले असताना हा हिशेब तितका सरळ राहत नाही, म्हणून त्या वेळेपुरती ही तपासणी सैल ठेवावी लागते, ही तिची मर्यादा.

याशिवाय एक स्वतंत्र फ्लोट स्विच सर्वांत वर असावा, आणि त्याची तार पाणी खाली असताना जुळलेली व वर चढताच तुटणारी असावी. म्हणजे पाणी वर चढो, तार तुटो की जोड सैल होवो, परिणाम एकच होतो, पंप थांबतो. ‘दोन संवेदक आहेत, मग काळजी नाही’ हा समज मात्र धोक्याचा आहे. अमेरिकेतील मिसुरी राज्यात टॉम सॉक येथील उदंचन जलविद्युत केंद्राचा वरचा जलाशय १४ डिसेंबर २००५ च्या पहाटे भरून वाहिला व त्याचा बंधारा फुटला. मुख्य संवेदकांच्या नळ्या आपल्या आधारापासून सुटल्याने ते खऱ्यापेक्षा कमी पातळी दाखवीत होते. राखीव संवेदक भिंतीच्या सर्वांत सखल भागापेक्षाही उंच बसवलेले होते. आणि त्यांपैकी एक भिजला तरी पंप थांबावा अशी जी मूळ रचना होती, ती बदलून दोन्ही भिजले तरच थांबावा अशी आज्ञावली करण्यात आली होती. सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही, परंतु सुमारे ५० लाख घनमीटर पाणी डोंगरउतारावरून खाली गेले. जागा चुकल्याने आणि ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ लिहिल्याने राखीव संवेदक दोन असूनही कामास आले नाहीत.

आता विजेकडे वळू. ‘वीज गेली की सारे बंद होते, म्हणजे ती अवस्था सुरक्षितच’ हा समज अर्धाच खरा आहे. धोका असतो तो वीज परत येण्याच्या क्षणी. मित्सुबिशीच्या एफएक्स जातीच्या नियंत्रकांत M0 सारखी स्मृती वीज जाताच पुसली जाते, आणि M500 सारखी स्मृती मुळातच टिकून राहते. पंप चालू ठेवणारी ओळ अशी असावी:

```
LD  X000
OR  M0
AND X001
AND M10
OUT M0
```

X000 हे सुरू करण्याचे बटण, X001 हे बंद करण्याचे, ज्याची तार एरवी जुळलेली असते, आणि M10 म्हणजे सर्व तपासण्या ठीक असल्याची खूण. वीज गेली की M0 पुसला जातो व परत आल्यावर कोणी बटण दाबल्याखेरीज पंप उठत नाही. M0 च्या जागी M500 लिहिला, तर तीच आज्ञावली वीज येताच पंप आपसूक चालू करते, मग पट्ट्यात कोणाचा हात असो वा नसो. ज्या पंपघरात माणूस नसतो तेथे आपोआप चालू होण्याची मुभा द्यावीच लागते, हे मान्य. परंतु ती अटींवर द्यावी. तिन्ही फेज हजर आहेत असे फेज तपासणाऱ्या रिलेने सांगावे, तेही काही मिनिटे सलग. विहिरीत पाणी असावे. चढत्या नळातले पाणी उलटे उतरून पंपास उलटा फिरवीत असेल तर ते थांबावे. आणि शेजारच्या पंपघरांचा विलंब एकसारखा नसावा.

येथे एक गैरसमज असा आहे की जो जाणकारांनाही फसवतो : ‘पीएलसीला यूपीएस लावला, आता वीज जाण्याची चिंता नाही.’ यूपीएस पीएलसीला जागे ठेवतो, मोटारीला नव्हे. वीज जाताच मोटारीचा काँटॅक्टर सुटतो, पण पीएलसीचा हुकूम ‘पंप चालू’ हाच कायम राहतो, कारण त्याच्या लेखी काही घडलेच नाही. आणि वीज येताच काँटॅक्टर क्षणार्धात ओढला जातो. नव्याने सुरू होताना पहिल्या फेऱ्यात उमटणारी M8002 ही खूण येथे उमटतच नाही, तेव्हा तिच्या भरवशावर लिहिलेल्या साऱ्या विलंबाच्या व तपासणीच्या ओळी निजलेल्याच राहतात. हा पेच सुटतो तो रुजुवातीने. काँटॅक्टरचा सहायक संपर्क पीएलसीकडे आणावा, आणि हुकूम दिल्यापासून दोन सेकंदांत तो जुळला नाही, किंवा जुळलेला असून मध्येच सुटला, तर M10 खाली पडून हुकूम रद्द व्हावा. हुकूम सुटला असूनही तो संपर्क जुळलेलाच राहिला, तर काँटॅक्टर चिकटला असेही यावरूनच कळते.

शेवटी वॉचडॉग. त्याच्या नावावरून तो सगळ्या यंत्राची राखण करतो असे वाटते. प्रत्यक्षात तो एवढेच पाहतो की आज्ञावलीचा एक फेरा नेमलेल्या मुदतीत संपला की नाही. एफएक्समध्ये ही मुदत D8000 मध्ये असते व मुळात २०० मिलिसेकंद असते. ती उलटली की नियंत्रक थांबतो, ERROR दिवा लागतो आणि बाहेरचे हुकूम सुटतात. खोटे बोलणारा संवेदक किंवा ‘किंवा’च्या जागी पडलेला ‘आणि’ त्याला दिसत नाही, कारण चुकीची आज्ञावलीही वेळेत संपते. हा दिवा लागला की मुदत २००० करून टाकणे, किंवा लांब चक्राच्या पोटात WDT ही ओळ घालून घड्याळ पुन्हा पुन्हा शून्यावर आणणे, हे उपाय मी पुष्कळ ठिकाणी पाहिले आहेत, आणि ते मला मुळीच पसंत नाहीत; लहान पंपघराच्या आज्ञावलीला २०० मिलिसेकंद अपुरे पडत असतील तर कोठेतरी चक्र अडकले आहे, ते शोधावे.

आणि हुकूम सुटला तरी पीएलसीच्या आतल्या रिलेचा संपर्कच चिकटला असेल तर मोटार थांबत नाही. म्हणून जेथे धोका मोठा, तेथे बाहेर एक स्वतंत्र पहारेकरी रिले असावा, ज्याला पीएलसीने एक संकेत सतत उघडझाप करीत पाठवावा, आणि ती उघडझाप थांबताच ज्याने दुसऱ्या काँटॅक्टरद्वारे मोटारीची वीज तोडावी. तो बदल ओळखणारा असला पाहिजे. साधा उशिरा सुटणारा टायमर लावला आणि संकेत ‘चालू’वरच गोठला, तर तो टायमर निर्धास्तपणे ओढलेलाच राहील. सेकंदास एक याप्रमाणे दिवसाला ८६,४०० उघडझापी होतात, तेव्हा हे काम रिलेच्या संपर्काकडे न देता ट्रान्झिस्टरच्या निर्गमाकडे द्यावे. आपत्कालीन बटण तर आज्ञावलीतून न नेता थेट काँटॅक्टरच्या कॉइलच्या वाटेत असावे.

हे सर्व ‘थांबणे म्हणजे सुरक्षित’ या गृहीतावर चालते, आणि ते जलकुंभ भरणाऱ्या पंपापुरते खरे आहे. आगीच्या पंपाला किंवा तळघरातले पाणी उपसणाऱ्या पंपाला ते लागू नाही, तेथे संशयाच्या वेळी चालत राहणेच बरे. तेव्हा गावच्या पाणीपुरवठा समितीला एक विनंती : ठेकेदाराचे देयक मंजूर करण्यापूर्वी त्याच्यासमोर संवेदकाची तार काढून पाहा, यूपीएस चालू ठेवून मुख्य स्विच पाडून पुन्हा लावा, फ्लोट हाताने उचला, आणि प्रत्येक वेळी पंपाने काय केले ते तारखेसह पंपघराच्या नोंदवहीत लिहून त्यावर त्याची सही घ्या.