होकार मोजला की मत?

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात चार संशोधकांना एक प्रश्न छळत होता: हुकूमशहाच्या मागे जायला सामान्य माणूस कशामुळे तयार होतो? अडोर्नो, फ्रेंकेल-ब्रुन्सविक, लेव्हिन्सन आणि सॅनफर्ड यांनी त्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. १९५० साली त्यांच्या पुस्तकातून ती जगापुढे आली आणि ‘एफ-स्केल’ या नावाने गाजली. एफ म्हणजे फॅसिझम.

प्रश्नावलीत विधाने होती. आज्ञाधारकपणा हाच मुलांचा मोठा गुण, अशा वळणाची. उत्तर देणाऱ्याने प्रत्येक विधानापुढे अधिक तीनपासून उणे तीनपर्यंत एक आकडा लिहायचा. मध्ये शून्य ठेवलेले नव्हते, कुठल्या तरी बाजूला झुकावेच लागे. मग त्याचे एक ते सात गुण व्हायचे: उणे तीनला एक, अधिक तीनला सात. जितके गुण जास्त, तितका माणूस हुकूमशाहीकडे कललेला.

मोजपट्टी भरवशाची आहे का, हे त्यांनी रीतसर तपासले. विधानांचे दोन भाग पाडायचे आणि एका भागात जास्त गुण मिळवणाऱ्याला दुसऱ्या भागातही जास्त मिळतात का, ते बघायचे. पूर्ण मेळ असेल तर आकडा एक, मुळीच नसेल तर शून्य. पहिल्या आवृत्तीत तो ०.७४ आला, विधाने घासूनपुसून घेतल्यावर सरासरी ०.९० झाला. मनोवृत्ती मोजणाऱ्या कुठल्याही पट्टीला हा आकडा मिरवावासा वाटेल. हिलाच विश्वसनीयता म्हणतात. आपण जे मोजायला निघालो तेच मोजले गेले का, हा प्रश्न मात्र वैधतेचा. तो अजून कुणी नीट विचारलाच नव्हता.

कारण सगळी विधाने एकाच दिशेची होती. प्रत्येकाला ‘सहमत’ म्हटले की गुण वाढायचे.

दहा विधानांचा एक कल्पित नमुना घेऊ. पहिल्या माणसाला कडक शिस्त आणि खंबीर नेता खरोखरच हवा आहे. तो दहाही ठिकाणी अधिक दोन लिहितो. त्याचे प्रत्येकी सहा, एकूण साठ गुण. दुसऱ्याचे या विषयावर ठाम मत नाही. समोर शिकलासवरलेला माणूस कागद घेऊन बसला आहे, त्याला नाही कसे म्हणायचे, म्हणून तो री ओढतो. त्याचेही साठ. अशी ‘होयबा’ माणसे गटात बरीच असली तर दोन भागांचा मेळ उत्तम जमणार, कारण हो म्हणायची सवय दोन्ही भागांत सारखीच असते. महिन्याने पुन्हा विचारा, तेच उत्तर मिळेल. चूक नियमित असल्यामुळे आकडा देखणा दिसतो.

आता पाच विधाने उलटी करू. त्यांचे गुणही उलटे मोजायचे, म्हणजे आठातून वजा करायचे. पहिला माणूस उलट्या विधानांना उणे दोन देतो. दोनाचे सहा होतात आणि त्याची बेरीज साठच राहते. दुसरा तिथेही अधिक दोनच लिहितो. पाच विधानांचे तीस, उरलेल्या पाचांचे प्रत्येकी दोनप्रमाणे दहा. एकूण चाळीस, म्हणजे बरोबर मध्यावर. इतका वेळ जुळे वाटणारे दोघे वेगळे झाले.

१९५५ मध्ये बर्नार्ड बास यांनी एफ-स्केलची विधाने उलटवून पाहिली. मूळ विधानाला हो म्हणणारा उलट्याला ठामपणे नाही म्हणेल, ही अपेक्षा होती. तसे पुरेसे घडले नाही. बरेच जण दोन्हीकडे माना डोलावत होते. कमी शिकलेल्यांना या पट्टीवर जास्त गुण मिळत, आणि समोर येईल त्या विधानाला हो म्हणण्याची सवयही त्यांच्यात अधिक आढळते. म्हणजे ‘अडाणी माणूस हुकूमशाहीवादी’ हा निष्कर्ष काही अंशी प्रश्नावलीनेच घडवलेला असू शकतो. माझ्या मते सगळ्यात गंभीर इजा हीच, कारण ती एका अख्ख्या वर्गाच्या माथी बसते.

तरी पट्टी अगदीच फोल ठरली नाही. विधान उलटवणेही वाटते तितके सोपे नसते. ‘मोठ्यांचे ऐकणे हा मुलांचा सर्वांत मोठा गुण’ याचे उलट काय? ‘मुलांनी मोठ्यांचे ऐकू नये’ हे नव्हे. या दोन्हींना नाही म्हणणारी समंजस माणसे घरोघरी सापडतील. शिवाय ‘ऐकू नये’ला ‘असहमत’ म्हणताना दोन नकारांची कसरत होते आणि घाईत भलतीच खूण पडते. ‘आज्ञा पाळण्यापेक्षा मुलांनी प्रश्न विचारायला शिकणे महत्त्वाचे’ हे जास्त जवळचे. बास यांच्यासारख्या प्रयोगांवर नंतर हाच आक्षेप आला: दोन्हींना हो म्हणणारा प्रत्येक जण होयबा नसतो, कधी उलटे विधानच फसलेले असते.

१९८१ मध्ये कॅनडातल्या बॉब आल्टमायर यांनी याच विषयावर नवी पट्टी मांडली. तिच्यात सुलटी आणि उलटी विधाने समसमान ठेवली. अशा पट्टीची विश्वसनीयता सहसा थोडी उतरते, कारण सवयीमुळे फुगलेला मेळ निघून जातो. म्हणून एखाद्या सर्वेक्षणाचा ०.९० पाहिला की मी आधी त्याची विधाने मागवतो आणि उलटी किती आहेत ते मोजतो.