पाच वर्षांच्या आत फंड मोडला, की हिशेबच बदलतो!



गेल्या वर्षी ऑगस्ट २०२५ मध्ये आमच्या वस्तीतला एक तरुण पासबुकाचा कागद घेऊन संध्याकाळी आमच्याकडे आला. म्हणाला, "काका, माझ्या फंडात एक लाख बत्तीस हजार होते. हातात आले एक लाख एकोणीस हजार. तेरा हजार कुणी खाल्ले?" ज्याच्यामार्फत त्याने अर्ज भरला, त्यानेच मध्ये हात मारला असा त्याचा संशय होता.

आम्ही कागद पाहिले. पैसे कुणी खाल्ले नव्हते. ते आयकर खात्यात त्याच्याच नावावर जमा होते. पण ते तिथे आहेत, आणि परत मिळू शकतात, हे त्याला कुणीही सांगितले नव्हते. असा गोंधळ घरोघरी आहे म्हणून हा लेखनप्रपंच. येथे आम्ही फक्त नोकरी सुटल्यावर खाते पूर्ण मोकळे करण्याबद्दल, म्हणजे फॉर्म १९ भरून सगळा फंड काढण्याबद्दल बोलत आहोत.

फंडाच्या तीन पेट्या

आपण 'फंड' म्हणतो ती रक्कम एकच दिसते, पण कराच्या दृष्टीने तिच्यात तीन निरनिराळ्या पेट्या आहेत. पहिली पेटी आपल्या पगारातून कापलेल्या पैशांची. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये असतील तर दरमहा १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये कापले जातात. दुसरी पेटी मालकाच्या वाट्याची. मालकही १,८०० रुपयेच भरतो, पण त्यातले १,२५० रुपये पेन्शन योजनेकडे जातात आणि फंडात पडतात फक्त ५५०. तिसरी पेटी या दोन्हींवरच्या व्याजाची.

पाच वर्षे सलग नोकरी करून फंड काढला तर तिन्ही पेट्या करमुक्त. एक पैसाही कर नाही. पण पाच वर्षे पूर्ण होण्याआधी, स्वतःच्या मर्जीने नोकरी सोडून फंड काढला, तर कायदा असे धरून चालतो की या फंडाला मान्यता पहिल्या दिवसापासून नव्हतीच! म्हणजे मागे जाऊन सगळा हिशेब नव्याने मांडला जातो. मालकाचा वाटा आणि त्यावरचे व्याज तुमचा पगार समजला जातो. तुमच्या वाट्यावरचे व्याज इतर उत्पन्न ठरते. तुमचा स्वतःचा वाटा हे उत्पन्न नव्हे, तो तुमच्याच घामाचा पैसा आहे. मात्र जुन्या कर पद्धतीत त्यावर ८० सी ची सवलत घेतली असेल, तर ती सवलत परत द्यावी लागते.

हा नियम १९६१ च्या आयकर कायद्यात होता. १ एप्रिल २०२६ पासून त्या जागी २०२५ चा नवा कायदा आला आहे. त्यामुळे कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले, परंतु पाच वर्षांची अट तीच राहिली आहे.

त्या तरुणाचा हिशेब

आता त्याचे आकडे मांडून पाहू. ऑगस्ट २०२० मध्ये तो एका कारखान्यात लागला आणि जुलै २०२४ अखेर त्याने नोकरी सोडली. बरोबर ४८ महिने, म्हणजे चार वर्षे. तीन महिने घरी बसला, घरात आईचे आजारपण, म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये सगळा फंड काढला. नोव्हेंबरमध्ये दुसरीकडे लागला.

त्याचा स्वतःचा वाटा झाला ८६,४०० रुपये. त्यावर व्याज सुमारे १५,०००. मालकाचा वाटा २६,४०० आणि त्यावरचे व्याज सुमारे ४,६०० धरून ३१,०००. एकूण १,३२,४०० रुपये.

पाच वर्षांच्या आत निघणारी रक्कम ५०,००० रुपये किंवा अधिक असेल तर फंड कार्यालय पैसे देतानाच १० टक्के कर कापते. लक्षात घ्या, ही कपात फक्त व्याजावर नव्हे, संपूर्ण रकमेवर होते. म्हणून त्याचे १३,२४० रुपये कापले गेले. पॅन नंबर खात्याला जोडलेला नसता, तर १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमाप्रमाणे २० टक्के कापले गेले असते, म्हणजे २६,४८० रुपये.

परंतु कापलेला कर आणि खरा देणे असलेला कर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच्या उत्पन्नात खरोखर भर पडली ती मालकाच्या ३१,००० ची आणि स्वतःच्या व्याजाच्या १५,००० ची, म्हणजे ४६,००० रुपयांची. त्या वर्षी त्याने नऊच महिने काम केले होते, पगार १,३५,०००. दोन्ही मिळून १,८१,०००. आधीच्या वर्षांत मागे जाऊन पाहिले तरी त्याचे उत्पन्न करपात्र होत नव्हते. म्हणजे त्याला कर लागत होता शून्य, आणि कापले गेले होते तेरा हजार!

आम्ही त्याच्यासोबत बसून २०२४-२५ चे आयकर रिटर्न भरले. रिटर्न भरण्यापूर्वी फॉर्म २६ एएस उघडून पाहिला. त्यात फंड कार्यालयाने कापलेली रक्कम त्याच्या पॅनवर दिसत होती. पुढे सगळे पैसे बँकेत परत आले. पण हे मुदतीत झाले म्हणून. त्या वर्षाचे उशिराचे रिटर्न भरायची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२५ होती. ती चुकली असती तर परताव्यासाठी माफीचा वेगळा अर्ज करून अधिकाऱ्यांच्या मेहेरबानीची वाट पाहावी लागली असती.

आणि हा द्राविडी प्राणायाम मुळात टाळता आला असता. ज्याचे वर्षाचे एकूण उत्पन्न कराच्या मर्यादेखाली आहे, त्याने फंडाच्या अर्जासोबतच 'कर कापू नये' असे घोषणापत्र जोडायचे असते. जुन्या कायद्यात ६० वर्षांखालील माणसासाठी ते १५ जी आणि साठीच्या वरच्यासाठी १५ एच होते. पॅन बरोबर असेल तरच ते चालते. मात्र ज्याला खरोखर कर लागतो, त्याने खोटे घोषणापत्र देऊ नये. तो गुन्हा आहे.

खरा फटका कुणाला?

कमी पगाराच्या माणसाचे पैसे अडकतात, पण परत मिळू शकतात. खरा फटका बसतो तो घरातल्या शिकलेल्या, बऱ्या पगारावर लागलेल्या मुलामुलींना. समजा मुलगी ऑफिसात लागली, जुन्या पद्धतीने कर भरते आणि २० टक्क्यांच्या टप्प्यात आहे. दरवर्षी फंडाच्या २१,६०० रुपयांवर ८० सी ची सवलत घेऊन तिने ४,३२० रुपये कर वाचवला. चार वर्षांनी फंड मोडला तर हे १७,२८० रुपये उपकरासह परत भरावे लागतील. शिवाय मालकाचा वाटा आणि सगळे व्याज यांवर कर वेगळा. तेव्हा कापलेले १० टक्के पुरत नाहीत, वर भरावे लागतात.

पाच वर्षे कशी मोजतात?

इथेच आपले लोक सर्वाधिक फसतात. पाच वर्षे एकाच मालकाकडे हवीत असे मुळीच नाही. जुना फंड नव्या मालकाकडच्या खात्यात वर्ग केला, तर जुनी नोकरीही मोजली जाते. आमच्या तरुणाने फंड काढण्याऐवजी वर्ग केला असता, तर चार वर्षांच्या पुढे नव्या नोकरीचे एक वर्ष धरून ऑक्टोबर २०२५ अखेर त्याची पाच वर्षे पूर्ण झाली असती. फंड मोडल्यामुळे मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू झाली.

"आमचा यूएएन नंबर तर एकच आहे, मग फंडही एकच," असे पुष्कळजण म्हणतात. तसे नाही. यूएएन ही छत्री आहे. तिच्याखाली प्रत्येक मालकाचे वेगळे खाते असते. सफाई खात्यात, सिक्युरिटीत, हाऊसकीपिंगमध्ये कंत्राटदार बदलला की काम तेच, जागा तीच, पण खाते नवे! अशी तीन-चार खाती सुटी पडलेली आम्ही पाहतो. फंडाच्या संकेतस्थळावर One Member - One EPF Account (Transfer Request) येथून ती एकत्र करावी लागतात. जुन्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसेल तर वर्ग होत नाही. दोन महिन्यांनंतर ती तारीख आपल्याला Mark Exit येथून स्वतः भरता येते. वर्ग झाले की नाही याची खूण सोपी आहे. जुन्या पासबुकात शिल्लक शून्य दिसते आणि नव्यात तीच रक्कम जमा दिसते.

दुसरी सवलतही लक्षात ठेवा. प्रकृती ढासळली म्हणून नोकरी गेली, मालकाने धंदा बंद केला किंवा कमी केला, किंवा कामगाराच्या हाताबाहेरच्या कारणाने काम सुटले, तर पाच वर्षांच्या आतही फंड करमुक्त असतो. पण हे सिद्ध करावे लागते. म्हणून कारखाना बंद झाल्याची नोटीस, कामावरून कमी केल्याचे पत्र, दवाखान्याचे कागद फेकू नका. आणि मालकाने काढून टाकले असताना त्याच्या सांगण्यावरून 'मी स्वखुशीने राजीनामा देतो' असे लिहून देऊ नका. त्या एका ओळीने ही सवलतही हातची जाते.

व्याजाबद्दल दोन शब्द

२०२१ च्या एप्रिलपासून, वर्षाला अडीच लाखांवर स्वतःचा वाटा भरणाऱ्यांच्या जादा रकमेच्या व्याजावर कर लागतो. ही बातमी ऐकून काहींनी घाबरून फंड काढला. अडीच लाखांचा वाटा म्हणजे महिना पावणेदोन लाखांच्या आसपास पगार! आपल्यापैकी बहुतेकांचा त्याच्याशी संबंध नाही.

संबंध आहे तो दुसऱ्या गोष्टीशी. नोकरी सुटल्यानंतर खात्यात पैसे पडून राहिले, तर त्यावर व्याज मिळत राहते. पण बंगळुरूच्या आयकर न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये निर्णय दिला की नोकरी संपल्यानंतरचे व्याज करपात्र आहे. आधीचे संचित करमुक्त राहते, नंतरचे व्याज उत्पन्नात धरावे लागते.

हल्ली फंड काढण्याचे नियम सैल होत आहेत. परंतु काढता येणे आणि करमुक्त असणे यांत फरक आहे. म्हणून अर्ज भरण्याआधी पासबुकातल्या सगळ्या खात्यांची नोकरी बेरीज करून पाहा. पाच वर्षांना काही महिनेच कमी पडत असतील आणि घरची अडचण निभावता येत असेल, तर तेवढे थांबा. थांबणे शक्यच नसेल, तर पॅन जोडा, घोषणापत्र द्या, आणि पैसे कापले गेलेच तर त्या वर्षाचे रिटर्न मुदतीत भरा.