चकमध्ये अडकलेलं बिट

पावसाळ्याआधी पडद्याचा दांडा लावायला भिंतीत भोकं पाडली आणि ड्रिल मशीन बिटसकट माळ्यावर ठेवलं. दिवाळीच्या साफसफाईत खाली काढलं, तर चावी फिरता फिरत नाही. अशा वेळी बहुतेकजण चावीला पाइप अडकवून जोर लावतात. त्यात चावीचे दात झिजतात आणि पुढे काहीच करता येत नाही.

चकच्या आत तीन जबडे तिरपे बसवलेले असतात. त्यांच्या पाठीवर आटे असतात आणि त्या आट्यांवर एक नट बसतो. चावीने बाहेरचं दातेरी कडं फिरवलं की हा नट फिरतो आणि जबडे मागेपुढे सरकतात. भिंतीची बारीक धूळ आट्यांत शिरते, दमट हवेत तिथे गंज धरतो. त्यात हॅमर चालवल्याने जबडे आणखी घट्ट बसलेले असतात.

आधी प्लग काढा. चावी भोकात घालून काट्यांच्या उलट दिशेने फिरवून पाहा. कडं जागचं हलत नसेल तर चक जाम आहे आणि तो सुटण्याची चांगली आशा आहे. कडं मोकळं फिरतंय, पण जबडे हलत नाहीत, तर आतला नट तडकलेला किंवा कड्यापासून सुटलेला असतो. तिथे तेल ओतून उपयोग नाही, चक बदलावा लागतो.

जाम चकसाठी मशीन चक वर करून उभं धरा. गंज सोडवणाऱ्या तेलाचे चार-पाच थेंब बिट आणि जबड्यांच्या फटीत सोडा. जास्त नको, ते खाली गिअरकडे उतरतं. चकच्या कडेला लाकडाचा तुकडा टेकवून त्यावर हातोडीने हलके ठोके द्या, चक थोडा थोडा फिरवत. मग रात्रभर तसंच राहू द्या. खोबरेल तेल टाळा, ते दाटतं आणि धूळ धरून ठेवतं.

सकाळी चावी भोकात पूर्ण दाबून धरा आणि तिच्या आडव्या दांड्याच्या टोकावर, सैल होण्याच्या दिशेने, हातोडीचा एक छोटा, झटक्याचा ठोका द्या. एका जागी धरून लावलेल्या जोरापेक्षा असा झटका गंजाची पकड लवकर सोडवतो. नाही सुटलं तर पुढच्या भोकात चावी घाला. चावी दाताबाहेर घसरू लागली की थांबा, ती झिजलेली असेल तर त्याच मापाची नवी आणा.

जबडे केसभर उघडले, तरी बिट निघेना, असंही होतं. बिट आत घसरून फिरलं असेल तर त्याच्या दांड्यावर कंगोरे उठतात. पक्कडीने धरून हळूहळू फिरवत ओढा. बिटच्या टोकावर मात्र हातोडी मारू नका, काँक्रीटच्या बिटचं टोक कडक असतं, तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो. चावी चकमध्ये असताना बटणही दाबू नका.

इतकं करूनही नाही सुटलं तर दुरुस्तीवाल्याकडे न्या. चक मशीनवर धरून ठेवणारा स्क्रू असला तर तो चकच्या आत, बिटच्या मागे असतो. बिट अडकलेलं असताना घरच्या घरी तिथवर हात पोहोचत नाही. आणि यापुढे काम झालं की बिट काढा, चक उघडून ब्रशने धूळ झाडा आणि मगच मशीन ठेवा.